हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर नेमका कशासाठी गेला होता?

शिवराज्याभिषेकावरच्या धड्यासोबत अभ्यासक्रमाच्या साधन-संकलनात बहुधा एक छोटा उतारा असतो. ६ जून १६७४ची सकाळ, भरलेला दरबार, सिंहासनावर बसलेले महाराज, त्यांच्या दोन्ही बाजूंना सोन्याचा मुलामा दिलेल्या भाल्यांच्या टोकांवर लावलेली चिन्हे. उजवीकडे मोठ्या दातांच्या माशांची सोनेरी मुंडकी, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि एका भाल्यावर समतोल लटकणारा सोन्याचा तराजू. खाली नाव असते हेन्री ऑक्झिंडेन, ईस्ट इंडिया कंपनीचा वकील. विद्यार्थी वाचतो, भारावून जातो, आणि ‘परकीय साक्षीदाराने केलेले निःपक्षपाती वर्णन’ असे उत्तरपत्रिकेत लिहून मोकळा होतो.

गडबड ‘निःपक्षपाती’ या शब्दात आहे. ऑक्झिंडेन सोहळा पाहायला आलेला पाहुणा नव्हता. मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिये याने त्याला तह करायला पाठवले होते. राजापूरची वखार मराठ्यांनी १६६१ मध्ये लुटली, तिची भरपाई इंग्रजांना हवी होती. शिवाय महाराजांच्या मुलखात व्यापाराची मोकळीक, जकातीचा ठरलेला दर, आपले नाणे चालावे आणि किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांवरचा माल परत मिळावा, अशा मागण्या होत्या. राज्याभिषेकाच्या गडबडीत त्याला ताटकळावे लागले. निराजीपंतांसारख्या मध्यस्थांना भेटत, नजराण्यांचा विचार करत तो दिवस काढत होता. दरबाराचे वर्णन त्याच्या कामकाजाच्या वृत्तांतातला एक भाग आहे. संकलनात तो भाग तेवढा उचलला जातो, अलीकडची-पलीकडची व्यापाराची कलमे गळतात आणि त्यांच्यासोबत लेखनाचा हेतूही गळतो. म्हणून उताऱ्यात जिथे तीन टिंबे दिसतात, तिथे आधी थांबावे. काय वगळले हे संपादकाने ठरवलेले असते, आणि मूळ लेखकाच्या कलासोबत संपादकाचा कलही उताऱ्यात उतरतो.

हेतू कळला की वाचक कोण होता, हा प्रश्न सोपा होतो. ऑक्झिंडेनचा वृत्तांत वाचणार होते मुंबईतले त्याचे वरिष्ठ. त्यांना जाणून घ्यायचे होते की या राजाशी केलेला करार किती दिवस टिकेल, त्याच्याकडे पैसा किती, दरबारात वजन कोणाचे. उतारा पुन्हा या नजरेने वाचला की तपशिलांची निवड उलगडू लागते. सिंहासनाजवळ कोण बसले आहे, हे तो टिपतो: संभाजीराजे, मोरोपंत पेशवे. महाराजांची सुवर्णतुला झाली तेव्हा सुमारे सोळा हजार होन भरले, हेही तो नोंदवतो. त्याच्या धन्यांना अर्थ लागावा अशीच ही माहिती आहे.

याचा अर्थ ती खोटी, असा मात्र नाही. विद्यार्थी नेमके इथे दुसऱ्या टोकाला जातात. कल सापडला रे सापडला की साधनावर फुली! त्यापेक्षा आकडा तपासून पाहावा. एक होन साधारण ३.४ ग्रॅमचा, म्हणजे सोळा हजार होनांचे वजन चोपन्न-पंचावन्न किलोच्या आसपास भरते. माणसाच्या वजनाच्या हिशेबात हे बसते. कंपनीच्या माणसाला सोन्याचा आकडा फुगवून सांगण्यात फायदा नव्हता, कारण त्याच आकड्यांवर त्याचे वरिष्ठ निर्णय घेणार होते. इथे हेतूमुळे विश्वासार्हता वाढते.

उताऱ्यातली सर्वांत बोलकी जागा वेगळीच आहे. दरबारातून बाहेर पडताना ऑक्झिंडेनला दरवाज्याशी दोन लहान हत्ती आणि दोन देखणे घोडे दिसतात, आणि असल्या अवघड वाटेने ही जनावरे वर आणली तरी कशी, याचे त्याला नवल वाटते. तहाशी या हत्तींचा संबंध नाही. लेखकाच्या उद्दिष्टाला काहीच उपयोग नसलेला असा तपशील सहसा डोळ्यांनी पाहिलेला असतो. उलट तराजूपाशी सावध व्हावे. तराजू दिसला, हे निरीक्षण. तो न्यायाचे चिन्ह आहे, हा ऑक्झिंडेनने लावलेला अर्थ. तो बरोबर असेलही, पण दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आल्या तरी त्यांचे मोल एक नाही. उतारा वाचताना पेन्सिलीने ‘पाहिले’, ‘ऐकले’ आणि ‘वाटले’ अशा तीन खुणा केल्या तर निम्मे काम तिथेच होते.

आता त्याच सोहळ्याचा दुसरा उतारा. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत सिंहासन बत्तीस मण सोन्याचे आहे आणि खर्च एक कोटी बेचाळीस लाख होनांचा. ऑक्झिंडेनशेजारी हे आकडे ठेवले की अनेकांना बखर निकालात काढावीशी वाटते. पण बखरीची सुरुवात वाचायला हवी. ती १६९७च्या सुमाराची, जिंजीतली. रायगड आठ वर्षांपूर्वी पडला आहे, संभाजीराजांचा वध झाला आहे, जिंजीला मोगलांचा वेढा आहे. अशा वेळी राजाराम महाराज विचारतात की वडिलांनी एवढा पराक्रम केला, पातशाह्यांना दाबून ठेवले, मग औरंगजेबाने येऊन इतके किल्ले कसे घेतले? जुने जाणते म्हणून सभासदाला पहिल्यापासूनची हकिकत लिहायला सांगितले जाते.

प्रश्न विचारणारा राजा, आणि वाचणारेही तेच दरबारी. तेवीस वर्षांनी आठवून, पडझडीच्या काळात लिहिणाऱ्या माणसाने वैभवाचे आकडे मोठे दिले तर आश्चर्य नाही. राज्याभिषेकाला नेमका किती खर्च आला, या प्रश्नावर बखरीचा आकडा एकट्याने पुरेसा नाही. मात्र १६७४चा तो दिवस वेढ्यात सापडलेल्या दरबाराच्या स्मरणात किती मोठा होऊन उरला होता, या प्रश्नावर सभासदाइतका चांगला साक्षीदार नाही. तिथे कंपनीचा वृत्तांत काहीच कामाचा नाही. साधन विश्वासार्ह की नाही, असे मोघम विचारण्यात म्हणूनच फारसे हशील नसते. कोणत्या प्रश्नासाठी, हे आधी ठरवावे लागते.

मौनाचेही तसेच. इंग्रजांच्या तक्रारीत राजापूरची लूट असते. पण तिच्या आदल्या वर्षी, १६६० मध्ये, राजापूरच्या वखारीचा हेन्री रेव्हिंग्टन पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या बाजूने तोफा डागायला गेला होता, ही पार्श्वभूमी वाचकाला स्वतः शोधावी लागते. भरपाई मागणाऱ्याने आपली आगळीक पुढे का करावी?

प्रत्येक मौन मात्र अर्थपूर्ण नसते. २४ सप्टेंबर १६७४ रोजी महाराजांनी निश्चलपुरी गोसाव्यांच्या हस्ते तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक करवून घेतला. ऑक्झिंडेनच्या वृत्तांतात तो नाही, कारण जूनमध्ये तहाचे काम उरकून तो परतला होता. सभासद स्वराज्यातलाच माणूस. त्याच्या बखरीतही तो नाही, आणि तिथे ‘का नाही’ हे विचारणे योग्य ठरते. दुसऱ्या अभिषेकाची सविस्तर हकिकत ‘शिवराज्याभिषेककल्पतरू’ या संस्कृत ग्रंथात मिळते. तो ग्रंथ पहिल्या अभिषेकातल्या उणिवा दाखवतो आणि सोहळ्यानंतर बाराव्या दिवशी झालेल्या जिजाबाईंच्या मृत्यूसारख्या घटना त्या उणिवांशी जोडतो. पण ही मांडणी निश्चलपुरींच्या बाजूने केलेली आहे. पहिला विधी गागाभट्टांचा होता, आणि त्यात दोष निघाले तरच दुसऱ्याची गरज सिद्ध होणार होती.