चार कविता, एक पत्र आणि ‘साभार परत’

मराठी मासिकांकडे आणि दिवाळी अंकांकडे येणाऱ्या साहित्यात सर्वांत मोठा गठ्ठा कवितांचा असतो आणि अंकात सर्वांत कमी पाने मिळतात तीही कवितेलाच. त्यामुळे संपादक एका कवीला फार वेळ देऊ शकत नाही. पाकिटातली किंवा मेलमधली पहिली कविता तो पूर्ण वाचतो. दुसरी वाचायची की नाही, हे त्या पहिलीवर ठरते. पाठवण्याची सगळी तयारी ही गोष्ट ध्यानात ठेवूनच करावी लागते.

एका वेळी तीन ते पाच कविता पाठवाव्यात. एकच पाठवली तर कवीचा अंदाज येत नाही आणि दहा पाठवल्या तर निवडीचे काम कवीने संपादकावर ढकलले असा अर्थ होतो. धुळ्याहून पुरुषोत्तम पाटील यांनी 1985 मध्ये सुरू केलेल्या ‘कवितारती’सारखे केवळ कवितेला वाहिलेले नियतकालिक एकाच कवीच्या अनेक कविता छापू शकते. सर्वसाधारण दिवाळी अंकात मात्र एका कवीची एक कविता येते, फार तर दोन. म्हणून कुठे पाठवायचे हे आधी ठरवून त्या नियतकालिकाचे निदान दोन-तीन अंक चाळावेत. गझल कधीच न छापणाऱ्या अंकाला गझल पाठवणे म्हणजे टपालखर्च वाया घालवणे.

निवड कशी होते ते एका कल्पित उदाहरणातून पाहता येईल. जालना जिल्ह्यातल्या एका शिक्षकाकडे दोन वर्षांत लिहिलेल्या पंधरा कविता आहेत, असे समजू. त्यांतली एक तीन पानांची दीर्घकविता आहे. ती चांगली असली तरी दिवाळी अंकात तिला जागा मिळणे अवघड, म्हणून ती बाजूला. दोन गेल्याच महिन्यात लिहिल्या आहेत. त्यांची नवलाई अजून उतरलेली नाही, म्हणून त्याही थांबतात. एक फेसबुकवर टाकून झाली आहे आणि बहुतेक संपादक अशी कविता प्रसिद्ध झालेलीच धरतात. आईवरच्या तीन कवितांत एकच प्रतिमा फिरून फिरून येते, तेव्हा त्यांतली एकच ठेवायची.

उरलेल्या नऊ मोठ्याने वाचाव्या लागतात. जीभ अडखळते तिथे ओळ सैल असते. त्याहून मोठा दोष बहुधा शेवटी सापडतो. या शिक्षकाची ‘कॅनॉल’ नावाची कविता कोरड्या कालव्यात क्रिकेट खेळणाऱ्या मुलांवर संपते, पण त्यानंतर दोन ओळींत पाणी आणि राजकारण यांवर भाष्य जोडलेले आहे. ते काढल्यावर कविता तिथल्या तिथे उभी राहते. नवोदितांच्या कितीतरी कवितांना असे शेपूट असते. ते कापायला कवीला जड जाते, कारण बहुधा तीच ओळ त्याची आवडती असते. निवडीअंती चार उरतात. सर्वांत भक्कम ‘कॅनॉल’ पहिली आणि जरा वेगळ्या सुराची, मिस्कील कविता शेवटी. चारही दुष्काळाच्याच असत्या तर तिसरीपाशी संपादक कंटाळला असता.

प्रत्येक कविता नव्या पानावर घ्यावी आणि प्रत्येकीखाली नाव, पत्ता व फोन द्यावा, कारण छपाईच्या गडबडीत पाने सुटी होतात. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करावा आणि सोबत पीडीएफही जोडावी. अक्षरजुळणीच्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर बदलताना जोडाक्षरे तुटतात, रफार शेजारच्या अक्षरावर जातो आणि लांब ओळ मध्येच मोडते. मुक्तछंदात ओळ कुठे मोडली यालाच अर्थ असल्याने मूळ मांडणी दाखवणारी प्रत हाताशी असलेली बरी. कडवे पान संपतानाच संपत असेल, तर पुढे मोकळी ओळ आहे की नाही तेही लिहावे.

सोबतचे पत्र छोटे असावे. वरच्या शिक्षकाचे पत्र साधारण असे होईल:

‘मा. संपादक, स. न. वि. वि. सोबत चार कविता पाठवत आहे. चारही अप्रकाशित असून सध्या अन्यत्र पाठवलेल्या नाहीत. दिवाळी अंकासाठी त्यांचा विचार व्हावा. मी जालना जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवतो. यापूर्वी दोन नियतकालिकांत माझ्या कविता आल्या आहेत. ऑगस्टअखेर काही कळले नाही, तर निवड झाली नाही असे समजेन. कळावे, आपला…’

एवढ्यात सगळे येते. शेवटून दुसरे वाक्य दोघांच्याही सोयीचे आहे, कारण त्यामुळे कविता अडकून राहत नाहीत. कविता कशी सुचली, तिचा आशय काय, मित्रांनी किती वाखाणली, कोणत्या संमेलनात सन्मानपत्र मिळाले, यांतले काहीही लिहू नये. ‘योग्य वाटल्यास फेरफार करावेत’ हे वाक्य नम्र दिसते, पण त्यातून कवीचाच आपल्या ओळीवर भरवसा नसल्याचे कळते. दिवाळी अंकासाठी मे-जूनमध्येच पाठवावे. गणपतीनंतर अंक छपाईच्या घाईत असतो. तेव्हा चौकशीचा फोन करून नुकसानच होते.

उत्तर बहुतेक वेळा येतच नाही. ‘साभार परत’चा छापील मजकूर आला तर त्यातून कवितेबद्दल काहीच कळत नाही, त्याचा अर्थ लावत बसू नये. पाने भरली असतील, त्याच विषयावरची दुसरी कविता आधीच घेतली असेल किंवा कविता खरोखरच फसली असेल. तिन्ही वेळा मजकूर तोच. संपादकाने स्वतःहून एखादी ओळ लिहिली, ‘तिसरे कडवे पुन्हा पाहा’ किंवा ‘आणखी पाठवा’, तर मात्र ती मोलाची. ‘सत्यकथा’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे लेखकांशी मजकुरावर तपशिलात चर्चा करण्याबद्दल ओळखले जात. आज तेवढी सवड क्वचितच कुणाला असते, म्हणून अशी एक ओळही विरळा. याच ‘सत्यकथे’वर साठच्या दशकातले लघुअनियतकालिकवाले खवळले होते आणि त्यांनी स्वतःची नियतकालिके काढली. एका संपादकाची अभिरुची म्हणजे मराठी कवितेचा निकाल नव्हे, हे त्या भांडणात पुरेसे स्पष्ट झाले.

नकाराचा डंख मात्र खरा असतो. संपादकाला रागाचे पत्र लिहू नये आणि त्याच संध्याकाळी कविता बदलायलाही बसू नये. उपयोगी पडते ती साधी वही: कोणती कविता, कुठे, कधी पाठवली, काय कळले. या शिक्षकाच्या चारांपैकी मिस्कील कविता स्वीकारली गेली आणि ‘कॅनॉल’ परत आली, असे समजा. वहीत तशी नोंद करून ‘कॅनॉल’ आठवडाभरात दुसरीकडे रवाना होते. वेगवेगळ्या आवडीच्या तीन-चार ठिकाणांहून ती परत आली, तर मात्र ती पुन्हा मोठ्याने वाचायची वेळ झाली.

नकार साचले की आणखी एक मोह पडतो. ‘प्रातिनिधिक काव्यसंग्रहा’त कविता घेतो, पण अमुक प्रती विकत घ्या, असे सांगणारे भेटतात. तिथे पैसे भरणाऱ्याची कविता सहसा नाकारली जात नाही आणि एकदा त्या पुस्तकात आलेली कविता मासिकाला पुन्हा अप्रकाशित म्हणून पाठवता येत नाही.