पहिल्या पगाराचे चार वाटे

पहिल्या नोकरीच्या ऑफर लेटरवर लिहिलेला आकडा आणि खात्यात जमा होणारा आकडा एकच नसतो. हिशेबाची सुरुवात नेमकी इथूनच चुकते. समजा, लातूरची एक मुलगी पुण्यात नोकरीला लागली आणि तिच्या पत्रावर वर्षाला ३ लाख ६० हजार लिहिले आहेत. म्हणजे महिन्याला ३० हजार, असे घरचे सगळे धरून चालतात. पण त्या ३० हजारांत भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा वाटा आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही मोजलेली असते. मूळ वेतन १५ हजार असेल तर तिचे स्वतःचे १,८०० रुपये त्याच निधीत कापले जातात, शिवाय व्यवसाय कराचे २०० रुपये जातात. हे सगळे वजा होऊन तिच्या हाती येतात साधारण साडेपंचवीस हजार. वाटे करायचे ते याच रकमेचे.

उत्पन्नाचे असे वाटे करण्याची सर्वांत प्रसिद्ध रीत अमेरिकेतली आहे. एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची मुलगी अमेलिया वॉरन त्यागी यांनी २००५ साली ‘ऑल युवर वर्थ’ या पुस्तकातून ती लोकांपुढे ठेवली: निम्मे गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. आपल्याकडे हे प्रमाण जसेच्या तसे बसत नाही. त्यात शिकण्याचा वाटा वेगळा नाही, आणि घरी पाठवायच्या पैशांचाही नाही. इथे तर पहिल्या महिन्यापासून आईबाबांकडे काही पाठवणे अनेकांना कर्तव्य वाटते. तो खर्च गरजेतच धरायला हवा, नाहीतर तो दर महिन्याला बचतीतून जातो.

आता तिचा महिना मांडू. कॉट बेसिसवरच्या खोलीचे ५,५०० रुपये, मेसचे ३,८००, प्रवासाचे १,५००, मोबाइल, साबण, औषधे अशा किरकोळीचे १,२०० आणि घरी ३,०००. गरजांचे झाले १५,०००, म्हणजे पगाराच्या निम्म्याहून बरेच जास्त. उरलेल्या साडेदहा हजारांतले ५,००० बचतीला, २,००० शिकण्याला आणि ३,५०० मौजेला. पगार लहान असताना गरजा साठ टक्क्यांपर्यंत जाणारच. तेव्हा कात्री मौजेला लावावी, बचतीला लावू नये, असे मला ठामपणे वाटते.

कागदावरचे हे वाटे महिनाभर टिकत नाहीत, कारण सगळे पैसे एकाच खात्यात असतात आणि मोबाइलवरचे यूपीआय त्याच खात्याला जोडलेले असते. चहाचे वीस, रिक्षाचे साठ, ऑनलाइन मागवलेल्या जेवणाचे अडीचशे. प्रत्येक वेळी खात्यात शिल्लक दिसते, म्हणून हात थांबत नाही. उपाय साधा आहे. दुसऱ्या बँकेत एक बचत खाते उघडावे आणि यूपीआय फक्त त्या खात्याला जोडावे. पगार झाला की त्याच दिवशी मौजेचे साडेतीन हजार आणि किरकोळीचे व प्रवासाचे पैसे तिकडे वळवावेत. भाडे, मेस आणि घरचे पैसे पगाराच्या खात्यातून लगेच चुकते करावेत. बचतीसाठी आवर्ती ठेव सुरू करून तिच्या हप्त्याची तारीख पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची ठेवावी. महिन्याच्या वीस तारखेलाच यूपीआयचे खाते रिकामे होत असेल आणि असे सलग दोन-तीन महिने घडत असेल, तर एखादा आकडा चुकीचा मांडला आहे. बहुतेक वेळा तो प्रवासाचा किंवा बाहेरच्या खाण्याचा निघतो. तो दुरुस्त करावा. मित्राकडून उसने घेऊन किंवा ‘आत्ता घ्या, नंतर भरा’ म्हणणाऱ्या ॲपवरून महिना ढकलू नये.

शिकण्याच्या वाट्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तो सर्वांत आधी गिळला जातो. हे दोन हजार दर महिन्याला खर्च करायचे नसतात, साठवायचे असतात. सहा महिन्यांत १२,००० होतात. तेवढ्यात टॅली, एक्सेल किंवा इंग्रजी संभाषणाचा वर्ग, परीक्षेची फी, कामाची पुस्तके यांतले काहीतरी नक्की बसते. पहिले सहा महिने कामावर नीट पाहावे: वरिष्ठांना जे येते आणि आपल्याला येत नाही, ते काय? त्यावरच पैसे घालावेत. हप्त्यांवर घेतलेले महागडे कोर्स मात्र टाळावेत. अशा कोर्सचा हप्ता बहुधा एखाद्या वित्तसंस्थेच्या कर्जाचा असतो आणि वर्ग अर्धवट सोडला तरी तो फेडावाच लागतो.

बचतीचे पहिले उद्दिष्ट एकच असावे: तीन महिन्यांच्या गरजा, म्हणजे ४५,००० रुपये. महिना पाच हजारांनी ते नऊ महिन्यांत पुरे होते. खोलीचे डिपॉझिट घरून घेतले असेल तर आधी ते परत करावे आणि नऊ महिने त्यानंतर मोजावेत. ही रक्कम बँकेतच राहू द्यावी. ती जमण्याआधी शेअर बाजाराशी जोडलेली एसआयपी करू नये. बाजार पडलेला असतानाच नोकरी गेली किंवा घरी आजारपण आले, तर तोट्यात विकून पैसे काढावे लागतात. ४५,००० जमले की पाच हजारांतला काही भाग दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीकडे वळवता येतो, आणि दिवाळीच्या प्रवासासारख्या वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांसाठी महिना पाचशे-सातशे वेगळे काढता येतात.