फॅसिझम म्हणजे नुसती हुकूमशाही नव्हे

परीक्षेत बरेच जण लिहितात की हुकूमशहा म्हणजे फॅसिस्ट. इथेच गुण जातात. सालाझार आणि मुसोलिनी हे दोघे शेजारी ठेवून बघा, म्हणजे फरक चटकन कळेल.

सालाझार हा मूळचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक. 1932 साली तो पोर्तुगालचा पंतप्रधान झाला. त्याच्याकडे सेन्सॉर होता, गुप्त पोलीस होते, तुरुंग होते. आपल्या गोव्याने हे सगळं 1961 पर्यंत भोगलं. पण लोकांकडून त्याची मुख्य अपेक्षा एवढीच, की राजकारणात तोंड घालू नका. शेती करा, चर्चला जा, गप्प राहा. गंमत म्हणजे तिथले निळ्या शर्टवाले फॅसिस्ट रस्त्यावर गर्दी जमवू लागले, तेव्हा त्याने 1934 मध्ये त्यांच्या संघटनेवरच बंदी घातली. (पुढे 1936 मध्ये त्यानेही तरुणांची गणवेशातली संघटना काढली, म्हणजे नक्कल थोडी केलीच, पण तो कारभाराचा गाभा नव्हता.) याला म्हणतात अधिकारशाही.

मुसोलिनीला गप्प बसलेला माणूस चालत नव्हता. त्याला टाळ्या हव्या होत्या. 1926 पासून मुलांसाठी ‘बालिला’ ही संघटना सुरू झाली आणि थोड्याच काळात स्काऊटसारख्या इतर संघटना बंद पाडल्या गेल्या. कामगारांच्या सुट्टीचे खेळ, सहली, नाटकंही सरकारी संघटनेकडे गेली. म्हणजे रिकामा वेळसुद्धा तुमचा राहिला नाही. ‘सर्वंकष’ या अर्थाचा इटालियन शब्द 1923 मध्ये जोवान्नी आमेंदोला या विरोधकाने टीका म्हणून वापरला होता. मुसोलिनीने तो बिरुदासारखा उचलला.

आता 1931 चं उदाहरण नीट बघा. विद्यापीठातल्या प्राध्यापकांना शपथ घ्यायला लावली. राजाशी निष्ठा ठेवीन इतकंच त्यात नव्हतं, तर फॅसिस्ट राजवटीशीही निष्ठा ठेवीन आणि तिला वाहिलेले नागरिक घडवीन, असंही होतं. सुमारे बाराशे प्राध्यापकांपैकी नकार देणारे जेमतेम डझनभर निघाले, आणि त्यांची नोकरी गेली. त्यांनी सरकारविरुद्ध काही केलं होतं का, हा प्रश्नच नव्हता. होकार उच्चारला नाही, एवढाच गुन्हा. नुसती अधिकारशाही असती, तर मान खाली घालून वर्गात गणित शिकवणाऱ्याला बहुधा सोडून दिलं असतं.

मात्र इटली पूर्ण सर्वंकष झाली होती, असं लिहू नका. राजा होता, पोप होता, सैन्याची निष्ठा राजाकडे होती. म्हणूनच जुलै 1943 मध्ये फॅसिस्ट महापरिषदेतल्या 19 जणांनी मुसोलिनीविरुद्ध मत दिलं, तेव्हा दुसऱ्याच दिवशी राजाने त्याला पदावरून काढून अटक करवली. हिटलरच्या जर्मनीत त्याला असं काढू शकेल, असं कुठलंच पद शिल्लक नव्हतं.