गरोदरपणातलं उभं काम: नुसती खुर्ची पुरत नाही

साडीच्या दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या गरोदर बाईला खुर्ची दिली की प्रश्न सुटला असं वाटतं, पण तो अर्धाच सुटतो. वाढलेलं गर्भाशय ओटीपोटातल्या शिरा दाबतं आणि पायांतलं रक्त वर ढकलणारी पोटरी हालचालीशिवाय काम करत नाही, मग बाई उभी असो वा बसलेली. म्हणून दर अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटं चालावं. बसताना कमरेमागे उशी, पायांखाली पाट घ्यावा. वारंवार लघवीला जावं लागतं, म्हणून अनेकजणी पाणीच टाळतात. त्याने चक्कर येते, मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो. लघवी फिकट राहील इतकं पाणी प्यावं. एकाच पायाला दुखरी सूज आली किंवा डोकेदुखीसह चेहरा सुजला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.