रंग काठाचा, परकर लेकीचा

घरात मामाचं लग्न ठरलं की आईची साडी सगळ्यात आधी ठरते, बाबांचा कुर्ता शेवटच्या आठवड्यात येतो आणि लेकीचे कपडे या दोन्हींच्या मधे घाईघाईत उरकले जातात. म्हणून मग तिघांना एकाच कापडाचा तयार सेट घ्यायचा मोह होतो. मी तो घेऊ नका असं सांगेन. तीन-चार वर्षांचं मूल लग्नातला बराचसा वेळ कुणाच्या ना कुणाच्या कडेवर असतं. आईची पैठणी मोरपिशी आणि लेकीचा परकरही मोरपिशी असला, तर फोटोत मूल साडीत हरवून जातं, चेहरा तेवढा दिसतो.

त्याऐवजी साडीचं अंग सोडून द्यावं आणि काठ-पदराकडे बघावं. समजा, पैठणी मोरपिशी आहे आणि काठ-पदर राणी रंगाचा. मग लेकीचा परकर राणी रंगाचा, पोलकं मोरपिशी. बाबांचा कुर्ता मोतिया आणि खांद्यावर राणी काठाचं उपरणं, बस्स. तिघांचे रंग एकाच साडीतून निघालेले असतात, त्यामुळे आणखी जुळवाजुळव लागत नाही. मुलगा असेल तर मोतिया धोतर-कुर्ता आणि राणी रंगाचं जाकीट. पदर डाव्या खांद्यावर आणि मूलही बहुधा डाव्याच कडेवर, तेव्हा परकर पदराला अगदी टेकतो. म्हणून कापड पदराच्या जरीकाठाशेजारी धरून बघावं. राणी रंग थोडा गडद-फिका असला तरी चालतो. जर मात्र जुळायला हवी: साडीची जर पिवळी आणि परकराची तांबूस किंवा रुपेरी असली, तर ते लगेच डोळ्यांत येतं.

फोनमधला फोटो दाखवून कापड घेऊ नये. राणी रंग फोटोत कधी लाल दिसतो, कधी गुलाबी. पैठणीत उभे आणि आडवे धागे वेगळ्या रंगांचे असले की धूपछाव येते, मग तीच साडी एका बाजूने निळी आणि दुसऱ्या बाजूने हिरवी दिसते. साडी नाहीतर निदान तिचा ब्लाउजपीस पिशवीत घालून न्यावा, आणि दुकानातल्या दिव्यांखाली पसंत पडलेलं कापड दारापाशी उजेडात नेऊन पुन्हा बघावं. चांगला दुकानदार त्याला नाही म्हणत नाही. ब्लाउजपीस शिंप्याकडे टाकताना उरलेलं कापड परत मागून घ्यायला विसरू नका. आखूड बाह्यांचा ब्लाउज असेल तर चार-सहा बोटं रुंदीची पट्टी सहज उरते. तेवढ्यात पोलक्याच्या बाह्यांना काठ लागतो किंवा मुलाच्या जाकिटाची बटणं मढवून होतात.

आता शिलाई. मूल कपडे ओढून काढतं ते रंगामुळे नाही, टोचण्यामुळे. खणाची किंवा जरीच्या कापडाची उलटी बाजू खरखरीत असते, म्हणून पोलक्याला गळ्यापर्यंत आणि काखेत मऊ सुती अस्तर हवंच. परकराला नाडीपेक्षा रुंद इलॅस्टिक बरं, म्हणजे शू लागली की गाठ सोडवत बसायला नको. उंची घोट्याच्या दोन बोटं वर ठेवावी. जमिनीला टेकणारा परकर फोटोत देखणा दिसतो, पण कार्यालयाच्या पायऱ्यांवर तो मुलीच्या पायात येतो. खाली तीन-चार इंच कापड आत दुमडून ठेवलं तर पुढच्या दिवाळीलाही परकर उसवून लांब करता येतो.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: गडद राणी, जांभळा, लाल यांचा नवा रंग सुटतो. घामाने किंवा सांडलेल्या मठ्ठ्याने परकर ओला झाला आणि तशीच लेक बाबांच्या कडेवर गेली, की मोतिया कुर्त्यावर गुलाबी डाग उतरतो. शिवायला टाकण्याआधी कापडाच्या कडेवर ओला पांढरा रुमाल जोरात घासून बघा. रुमाल रंगला तर एकतर ते कापड बदला, नाहीतर बाबांचा कुर्ताच गडद मोरपिशी घ्या. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होईल या भरवशावर राहू नका, आणि रेशमी किंवा जरीचं कापड तर अशा प्रयोगाला अजिबात लावू नका.

हळदीसाठी वेगळा थाट नको. तिघांनी धुता येतील असे पिवळे सुती कपडे घातले की पुरे, कारण हळदीचा डाग पिवळ्यावर दिसत नाही. मुहूर्ताच्या दिवशी परकर-पोलकं अक्षता पडायच्या थोडं आधी, खाऊपिऊ घालून झाल्यावर चढवावं. पिशवीत मोरपिशी रंगाचा एक साधा सुती फ्रॉक ठेवावा. पंगतीत जिलबी सांडली आणि फ्रॉक घालावा लागला, तरी नंतरच्या फोटोत ती आईच्या साडीला शोभतेच.