निर्देशक तत्त्वे व मूलभूत हक्क
निर्देशक तत्त्वे व मूलभूत हक्क : भारतीय संविधानाच्या तिसऱ्या व चौथ्या भागांतील तरतुदी. पहिल्या शासनाच्या सत्तेला मर्यादा घालतात, तर दुसऱ्या त्याच सत्तेचा वापर कोणत्या हेतूने व्हावा हे सांगतात. उच्च माध्यमिक वर्गातील विद्यार्थी हा भेद पुढीलप्रमाणे मांडतो :

| मुद्दा | मूलभूत हक्क | निर्देशक तत्त्वे |
|---|---|---|
| स्थान | भाग तिसरा, अनुच्छेद १२ ते ३५ | भाग चौथा, अनुच्छेद ३६ ते ५१ |
| स्वरूप | मुख्यतः शासनास मनाई करणारे | शासनास कर्तव्य सांगणारे |
| न्यायालयीन दाद | अनुच्छेद ३२ व २२६ अन्वये मागता येते | अनुच्छेद ३७ अन्वये मागता येत नाही |
| अंमल | बहुतांशी संविधानातूनच | प्रायः कायदा झाल्यावर |
| भंग झाल्यास | विसंगत कायदा त्या मर्यादेपर्यंत शून्य | केवळ त्या कारणाने कायदा रद्द होत नाही |

कोष्टक बरोबर आहे. परंतु त्यातील तिसरी ओळ वाचून निर्देशक तत्त्वे म्हणजे निव्वळ सदिच्छा, असा ग्रह होतो. तो कितपत खरा, हे पुणे जिल्ह्यातील बारामती-इंदापूर भागातील जमिनीच्या इतिहासावरून पाहता येते.

नीरा डाव्या कालव्यामुळे या अवर्षणप्रवण तालुक्यांत ऊस उभा राहिला. इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने वालचंदनगर येथे साखर कारखाना काढला. अशा खाजगी कारखान्यांनी उसासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या. खंडाने जमीन देणाऱ्या या मूळ मालकांना राज्यात ‘खंडकरी’ म्हणतात. (एरवी खंड भरणाऱ्या कुळाला लागू पडावा असा हा शब्द येथे उलट अर्थाने रूढ झाला आहे.)

भौतिक साधनसंपत्तीची वाटणी समाजहिताची व्हावी आणि संपत्तीचे केंद्रीकरण होऊ नये, असे अनुच्छेद ३९ (ख) व (ग) सांगतात. त्यास अनुसरून महाराष्ट्राने शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा १९६१ मध्ये केला. तत्त्व जोवर कागदावर होते तोवर कोणाचीही जमीन हलली नव्हती. कायदा होताच शेकडो एकरांचे मळे अतिरिक्त ठरले. कारखान्याच्या उसाचा पुरवठा खंडित होऊ नये म्हणून या मळ्यांसाठी कलम २८ मध्ये वेगळी व्यवस्था होती. त्यामुळे जमिनीचे तुकडे न पाडता ती १९६३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे गेली. वालचंदनगर व रत्नपुरी येथील मळे त्यांपैकी होत.

येथे दोन्ही पक्षांची स्थिती लक्षात घेण्यासारखी आहे. जमीन गमावणाऱ्या धारकाच्या हाती त्या वेळी मालमत्तेचा मूलभूत हक्क होता, व त्याच्या आधारे तो न्यायालयात जाऊ शकत होता. हा मार्ग रोखण्यासाठी १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३१ क व ३१ ख आणि नववी अनुसूची आणली होती. १९६१ चा कायदा १९६४ मध्ये त्या अनुसूचीत गेला. उलट, जमीन परत मिळावी असे म्हणणाऱ्या खंडकऱ्याच्या बाजूला केवळ अनुच्छेद ३९ होता. त्यावरून ‘मला जमीन द्या’ असा आदेश कोणतेही न्यायालय देऊ शकत नव्हते. त्याला वाट पाहावी लागली ती विधिमंडळाची. कायद्यात पुढे दुरुस्त्या झाल्या आणि चालू शतकाच्या दुसऱ्या दशकात खंडकऱ्यांना जमिनीचे प्रत्यक्ष वाटप झाले. अनुच्छेद ३७ चा व्यवहारातील अर्थ तो हा.

दुसरा वाद कुटुंबाचा. सुधारित कायद्याने १९७५ पासून खात्रीच्या पाण्यावर वर्षातून दोन पिके येणाऱ्या जमिनीची कमाल मर्यादा १८ एकर व जिरायतीची ५४ एकर केली. पती, पत्नी व अज्ञान मुले यांची जमीन एकत्र मोजण्याचे ठरले. समजा, चौघांच्या कुटुंबात अशी बागायत पतीच्या नावे १४ आणि पत्नीच्या नावे १० एकर आहे. स्वतंत्रपणे दोघेही मर्यादेच्या आत. एकत्र मोजता २४ एकर, म्हणून ६ एकर अतिरिक्त. ही तरतूद मूलभूत हक्कांशी विसंगत आहे, हा आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने दत्तात्रय गोविंद महाजन खटल्यात (१९७७) अमान्य केला. अनुच्छेद ३१ ख चे संरक्षण पुरेसे ठरले.

हे संरक्षण मात्र अमर्याद राहिले नाही. केशवानंद भारती खटल्यातील २४ एप्रिल १९७३ च्या निर्णयाने संविधानाच्या मूलभूत चौकटीचा सिद्धांत मांडला. त्या तारखेनंतर नवव्या अनुसूचीत गेलेले कायदे या कसोटीवर तपासता येतील, असे वामनराव खटल्यात ठरले. हा खटलाही महाराष्ट्राच्या कमाल धारणेच्या कायद्यातूनच उद्भवला होता. सर्व निर्देशक तत्त्वांना अनुच्छेद १४ व १९ वर वरचष्मा देणारी बेचाळिसाव्या दुरुस्तीतील तरतूद मिनर्व्हा मिल्स खटल्यात (१९८०) रद्द झाली. मालमत्तेचा हक्क १९७९ पासून मूलभूत राहिला नाही. तो अनुच्छेद ३०० क अन्वये संवैधानिक हक्क आहे. प्रत्येक खाजगी मालमत्ता अनुच्छेद ३९ (ख) मधील ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही, असा निर्णय मुंबईतील घरमालकांच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला.