‘५८ टक्के’ म्हणजे नेमके किती जण?

मधुमेहावरच्या शोधनिबंधाचा गोषवारा मासिकासाठी मराठीत आणताना सगळ्यात मोठा घोळ होतो तो टक्केवारीत. अमेरिकेतला २००२चा ‘डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’ घ्या. आहार-व्यायामाने मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, असं गोषवारा सांगतो. की लगेच मथळा तयार: ‘व्यायामाने ५८ टक्के रुग्ण बरे!’

मुळात ते रुग्ण नव्हतेच. साखर वाढलेली, पण मधुमेह अजून झालेला नाही, असे लोक होते ते. आणि ५८ टक्के ही दोन गटांची तुलना आहे. खरे आकडे त्याच गोषवाऱ्यात असतात: दर १०० व्यक्ती-वर्षांमागे ११ आणि ४.८. ‘व्यक्ती-वर्षं’ वाचकाच्या माथी मारू नका. सरळ लिहा: औषध नसलेली गोळी घेणाऱ्या १०० जणांपैकी वर्षाला साधारण ११ जणांना मधुमेह झाला, आहार-व्यायामाच्या गटात सुमारे पाच जणांना.

‘व्यायाम’ एवढंच लिहूनही भागत नाही. लक्ष्य होतं वजन ७ टक्क्यांनी उतरवण्याचं, म्हणजे ८० किलोच्या माणसाने साडेपाच किलो; शिवाय आठवड्याला किमान १५० मिनिटं हालचाल.

तिथल्या लोकांचा सरासरी बीएमआय ३४ होता, म्हणजे चांगलेच स्थूल. आपल्याकडच्या २००६च्या अशाच अभ्यासात तो २६च्या आसपास होता. या भारतीय अभ्यासात तीन वर्षांत नुसत्या नेहमीच्या सल्ल्यावर असलेल्या शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला, आहार-व्यायाम करणाऱ्यांत ३९ जणांना. मराठी वाचकासाठी लिहिताना हा आकडा शेजारी द्याच.